ह.भ.प. आणि निळी टिक

नारदीय कीर्तन करणाऱ्या बाईला निळी टिक हवी कशाला, असं मला घरातूनही विचारलं गेलं आणि एका देवस्थानच्या विश्वस्तांनीही विचारलं. कारण साधं होतं. माझ्या नावाने कुणीतरी दुसरं खातं उघडलं होतं. फोटो माझा, कीर्तनांचे तुकडे माझेच, आणि खाली गोशाळेच्या चाऱ्यासाठी देणगी म्हणून एक क्यूआर कोड. दिवस चातुर्मासाचे. आमचे श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे आणि देवाच्या नावाने मागितलं की फार चौकशी न करणारे. कुणी शंभर, कुणी पाचशे पाठवत होतं. एका आजींनी उत्तररंग संपल्यावर मला पावतीचं विचारलं, तेव्हा हा प्रकार कळला.

माझा भाचा या सगळ्यातला जाणकार. तो म्हणाला, "मावशी, तू टिकच घेऊन टाक. खऱ्या खात्याला टिक दिसली की खोटं कोणतं हे सांगत बसायला नको." मला ते पटलं. ॲपचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं ते थोड्याफार फरकाने कुठेही घडलं असतं.

अर्ज खात्याच्या सेटिंग्जमध्येच असतो आणि भरायला सोपा असतो. आधी कागदपत्रांवरचं पूर्ण नाव. त्याखाली, लोक तुम्हाला कोणत्या नावाने ओळखतात ते. मग सरकारी ओळखपत्राचा फोटो. मग तुमचं क्षेत्र कोणतं, त्याची यादी: बातम्या, क्रीडा, राजकारण, संगीत, मनोरंजन, फॅशन वगैरे. कीर्तन त्यात असणार नव्हतंच. आम्ही संगीत निवडलं. शेवटी तुमच्याबद्दल इतरत्र जे छापून आलं असेल त्याचे दुवे, जास्तीत जास्त पाच.

मी आधार कार्ड जोडलं. दुवे भाच्याने शोधले आणि मोठ्या उत्साहाने पाचही जागा भरल्या.

काही दिवसांनी उत्तर आलं. तुमचं खातं सध्या पडताळणीच्या निकषांत बसत नाही, तीस दिवसांनंतर पुन्हा अर्ज करता येईल. बस्स. कोणता निकष, कोणता कागद, काय कमी पडलं, याबद्दल एक अक्षर नाही. घरात लगेच तर्क सुरू झाले. नवऱ्याला वाटलं आधारचा फोटो धूसर आला असेल. भाच्याला वाटलं फॉलोअर कमी पडले. सासूबाईंना वाटलं कीर्तन म्हटल्यावर परदेशातल्या लोकांना काय कळणार.

हे कोडं सोडवलं माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी. ते एका मराठी दैनिकाच्या डिजिटल विभागात आहेत आणि आपल्या वार्ताहरांसाठी त्यांनी असे बरेच अर्ज भरलेत. ते आधी म्हणाले, "ताई, नियम वाचलेत का? छोटे आहेत." मग त्यांनी इन्स्टाग्रामचं मदतपान उघडून दाखवलं, कारण बाकीच्यांचे नियमही त्याच धर्तीवर असतात. त्यात मोजून चार अटी आहेत. खातं खऱ्या माणसाचं किंवा नोंदणीकृत संस्थेचं असावं. त्या माणसाचं ते एकमेव असावं, म्हणजे एका व्यक्तीच्या एकाच खात्याला टिक मिळते, वेगळ्या भाषेतलं खातं असेल तर सवलत. ते पूर्ण असावं: सर्वांना दिसणारं, परिचय आणि फोटो असलेलं, वापरात असलेलं. आणि चौथी अट, ते प्रसिद्ध, लोक ज्याला शोधतात अशा माणसाचं असावं.

"पहिल्या तीन अटी खात्याच्या आहेत," ते म्हणाले. "त्या तुम्ही अर्ध्या तासात पुऱ्या करू शकता. चौथी तुमच्या हातात नाही. ती इतरांनी तुमच्याबद्दल काय लिहिलं त्यावर ठरते, आणि ते लिहिणाऱ्याला तुम्ही पैसे दिलेले नसावेत."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा नीट उमगलं नव्हतं. मग त्यांनी आमचे पाच दुवे एकेक करून उघडले आणि तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसून वाचले. तो तास मला फार शिकवून गेला, म्हणून तो सविस्तर लिहिते.

पहिला दुवा एका दैनिकाच्या संकेतस्थळाचा. 'आज शहरात' या सदरात रामनवमी उत्सवाची माहिती: स्थळ, सायंकाळी सहा, कीर्तन, आणि माझं नाव. अशा नोंदी माझ्या नावावर शेकड्याने निघतील. आमच्या क्षेत्रात तीच खरी प्रसिद्धी, कारण तारीख वाचून माणसं येतात. पण ते म्हणाले, "ही सूचना आहे. यात तुमच्याबद्दल काहीच नाही. आयोजकांनी पाठवली, आम्ही छापली. अशा पन्नास जोडल्या तरी त्यांची बेरीज शून्य."

दुसरा दुवा खऱ्या बातमीचा होता. एका देवस्थानच्या सप्ताहावर वार्ताहराने लिहिलेली, आठ-दहा परिच्छेदांची. त्यात माझं नाव एकदा, इतर कीर्तनकारांच्या रांगेत. "हे शून्यापेक्षा बरं. पण बातमी सप्ताहाची आहे, तुमची नाही. तुमचं नाव काढलं तरी बातमीला काही होत नाही. तपासणारा हेच बघतो."

तिसऱ्या दुव्यावर मला आशा होती. एका दिवाळी अंकात माझी चांगली चार पानी मुलाखत आली होती. पण अंक छापील, त्यामुळे भाच्याने पानांचे फोटो काढून आमच्याच खात्यावर टाकले होते आणि त्याचा दुवा दिला होता. मुलाखत अस्सल, अंक नावाजलेला, मुलाखतकाराशी माझी ओळखही नव्हती. म्हणजे प्रसिद्धीच्या अटीत बसणारी ही एकच गोष्ट. तरी ती अर्जात असून नसल्यासारखी होती, कारण दुवा माझ्याच खात्याचा. तपासणारा परका माणूस, तो ते पान अंकातलं आहे की घरी संगणकावर बनवलेलं, हे ठरवू शकत नाही. मराठीतलं बरंच चांगलं लेखन अजून कागदावरच राहतं. ई-पेपर असला तरी तिथे पानाची प्रतिमा असते, अक्षरं शोधता येत नाहीत, आणि जुने अंक बऱ्याचदा पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. या चाळणीत आपण जे सांडतो त्यातलं निम्मं इथेच सांडतं, असं माझं मत झालंय.

चौथा दुवा उघडल्यावर ते हसले. 'महाराष्ट्रातील प्रेरणादायी स्त्रिया' अशा नावाचा लेख, एका पोर्टलवर. त्या पोर्टलच्या माणसाने फोन करून थोडे पैसे घेतले होते आणि मीच लिहून दिलेला मजकूर जसाच्या तसा चढवला होता. तळाशी बारीक अक्षरात 'प्रायोजित'. "हा जोडण्यापेक्षा जागा रिकामी ठेवलेली बरी," ते म्हणाले. "पैसे देऊन छापलेला मजकूर धरत नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलंय. आणि एक असा दिसला की बाकीच्यांकडेही संशयाने पाहिलं जातं." यातलं दुसरं वाक्य हा त्यांचा अंदाज आहे, नियमात ते नाही, पण माणूस तपासत असेल तर तसं होणं स्वाभाविक आहे.

पाचवा दुवा माझ्याच एका व्हिडिओचा, ज्याला बऱ्यापैकी प्रेक्षक लाभले होते. तो तर सरळ बाद. स्वतःचं खातं स्वतःबद्दलचा पुरावा होऊ शकत नाही. फॉलोअरचंही तसंच. प्रसिद्धीच्या टिकेसाठी फॉलोअरचा कुठलाही आकडा तिथे दिलेला नाही, आणि ते विकत मिळत असल्यामुळे त्यावर विसंबण्यात अर्थही नाही. याला ठळक अपवाद यूट्यूबचा. तिथे एक लाख सदस्य झाल्यावर चॅनेल पडताळणीचा अर्ज करता येतो, म्हणजे तिथे आकडा हाच दरवाजा आहे. एका ठिकाणचा नियम दुसरीकडे लावून लोक गोंधळतात ते यामुळेच.

तर पाचांपैकी धरण्याजोगं काय उरलं? एका बातमीतला एक उल्लेख. नाकारलं यात नवल नव्हतं.

मी त्यांना विचारलं, मग धरतात तरी कशाला? त्यांनी ट्विटरचं जुनं उदाहरण दिलं. २०२१ मध्ये ट्विटरने अर्ज पुन्हा खुले केले, तेव्हा निकष बरेच उघड लिहिले होते. कलावंतासारख्या माणसासाठी एक वाट अशी होती की अर्जाआधीच्या सहा महिन्यांत वृत्तमाध्यमांत किमान तीन वेळा तुमच्यावर, म्हणजे तुमचा नुसता उल्लेख नव्हे तर तुम्हाला विषय करून, काही आलेलं असावं. दुसरी वाट विकिपीडियावरच्या टिकून राहिलेल्या लेखाची. ते निकष आता इतिहासजमा झालेत, पण अंदाज बांधायला आजही उपयोगी आहेत. तीन स्वतंत्र लेख, अलीकडचे, तुमच्यावरचे, अनोळखी माणसाला इंटरनेटवर सापडतील असे. यातली 'अलीकडचे' ही अट आमच्यासारख्यांना जड जाते. माझ्यावर जे काही लिहून आलं ते दहा-बारा वर्षांत विखुरलेलं आहे.

विकिपीडियाची वाट भाच्याला फारच आवडली. "मी आजच तुझं पान बनवतो," म्हणाला. ते मी थांबवलं. विकिपीडियाचे उल्लेखनीयतेचे नियम याच धाटणीचे, उलट अधिक कडक आहेत: विषयाशी संबंध नसलेल्या विश्वासार्ह स्रोतांत भरीव माहिती हवी. ज्याच्यापाशी तसे स्रोत आहेत त्याला टिकेसाठी पानाची गरज नाही, आणि ज्याच्यापाशी नाहीत त्याचं पान काढून टाकलं जातं. शिवाय घरच्यांनी लिहिलेल्या पानाकडे तिथे वाकड्या नजरेनेच पाहतात.

आता हा प्रसिद्धीचा हट्ट कशासाठी, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. ओळखपत्र दिलं, मी मीच आहे हे सिद्ध झालं, मग तुला कोण ओळखतं हे विचारायचं काय कारण? उत्तर या टिकेच्या जन्मात आहे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या टोनी ला रुसा या नामांकित बेसबॉल व्यवस्थापकाच्या नावाने कुणीतरी ट्विटरवर खोटं खातं चालवलं आणि त्याने ट्विटरवर दावा लावला. त्याच वर्षी जूनमध्ये ट्विटरने पडताळलेली खाती आणण्याचं जाहीर केलं. म्हणजे टिक सन्मानासाठी निघालीच नव्हती. ज्याची नक्कल करून जग फसेल अशा माणसांसाठी ती काढली होती. अशी माणसं थोडी, म्हणून ते काम हाताने तपासून करता येत होतं. पुढे लोक तिला मानाचा तुरा समजू लागले आणि अर्ज करणारेही तसेच वाढले.

हे कळल्यावर मला एक तर्कट सुचलं. माझी नक्कल तर झालीच आहे! नक्कल करण्याजोगी मी आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता? ते म्हणाले, "खरंय. पण अर्जात त्याला रकाना नाही."

खात्याच्या तीन अटींपैकी 'वापरात असलेलं' ही मला अगदी किरकोळ वाटत होती. पण जून २०२१ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या वैयक्तिक खात्याची टिक ट्विटरने काढली होती आणि गदारोळानंतर त्याच दिवशी परत दिली. कारण एवढंच की ते खातं बरेच महिने वापरात नव्हतं. मोहन भागवतांच्या खात्याचंही त्या सुमारास तेच झालं. प्रसिद्धीबद्दल शंका घ्यायला तिथे जागाच नव्हती. म्हणजे चार अटींतली एक सुटली तरी बाकीच्या तीन तारत नाहीत.

मधल्या काळात एजंटांचे फोन सुरू झाले. अर्ज केल्याचं त्यांना कुठून कळलं असेल ते असो. एक म्हणाला, "मॅडम, आपली आतमध्ये ओळख आहे, आठ दिवसांत टिक, न झाल्यास पैसे परत." त्याची योजना विचारली तर तीच निघाली: पाच-सहा पोर्टलवर पैसे देऊन लेख छापायचे आणि अर्ज करायचा. म्हणजे आमचा चौथा दुवा, सहा पट. दुसऱ्याने तर खात्याचा पासवर्डच मागितला. इनबॉक्समध्येही संदेश आला, 'तुमचं खातं टिकेसाठी पात्र ठरलं आहे, खालील दुव्यावर माहिती भरा.' खरा अर्ज ॲपच्या सेटिंग्जमध्ये असतो आणि उत्तरही तिथल्याच सूचनांमध्ये येतं. बाहेरचा दुवा आला की तो खातं पळवण्यासाठीच आलाय असं धरावं.

मग भाच्याने दुसरी बाजू तपासायची ठरवली, ती पैसे भरून मिळणाऱ्या टिकेची. हा प्रकार आता बहुतेक मोठ्या ॲपवर आहे. इन्स्टाग्राम आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटाने तो भारतात जून २०२३ मध्ये आणला, तेव्हा मोबाइलवर महिन्याला ६९९ रुपये दर होता. तिथे प्रसिद्धी विचारत नाहीत. वय अठरा पूर्ण हवं, खात्यावर आधीपासून काही वावर हवा, आणि सरकारी ओळखपत्र खात्यावरच्या नावाशी आणि फोटोशी जुळायला हवं. आमच्या ॲपवरही साधारण तेच.

तिथेही नकार आला. पण या नकाराला कारण जोडलेलं होतं: खात्यावरचं नाव ओळखपत्राशी जुळत नाही.

मला या नकाराचा जवळजवळ आनंद झाला, कारण आता गोष्ट स्वच्छ दिसायला लागली. दोन चाळण्या आहेत. एक विचारते, तू कोण? दुसरी विचारते, तुला कोण ओळखतं? पहिल्या अर्जात दोन्ही एकत्र होत्या, म्हणून नेमकं कुठे अडलं ते कळत नव्हतं. पैशाच्या टिकेत एकच आहे, आणि मी त्यातही अडकत होते. म्हणजे फुकटच्या अर्जात उद्या दहा लेख जोडले असते तरी नावाचा हा खडा तिथेही लागला असता.

नावाची गंमत आपल्याकडच्या बायकांना वेगळी सांगायला नको. कीर्तन मी लग्नाआधीपासून करते, त्यामुळे पत्रिकांवर, बॅनरवर, आकाशवाणीच्या कार्यक्रमांत माहेरचं आडनाव. आधारवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. खात्यावर आणखी तिसराच थाट: पुढे 'ह.भ.प.', मग 'सौ.', मग माझं नाव, माहेरचं आडनाव आणि शेवटी 'कीर्तनकार'. आयोजक पत्रिकेत छापतात तसंच. ओळखपत्र तपासणारी यंत्रणा असो की माणूस, त्यांना यात जुळणारा शब्द एकच सापडतो, माझं पहिलं नाव. त्यातही ते खात्यावर देवनागरीत आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकीकडे v, एकीकडे w.

उपाय दोन दिसत होते. खात्यावर सासरचं आडनाव लावायचं. मग टिक मिळेल, पण ती अशा नावाला मिळेल ज्या नावाने मला एकही श्रोता ओळखत नाही. खोट्या खात्यावर मात्र माझं खरं लोकप्रिय नाव झळकत राहील. दुसरा उपाय राजपत्रात नाव बदलून पुन्हा माहेरचं आडनाव घेण्याचा. तो कायदेशीर आणि सरळ आहे, पण त्यानंतर आधार, पॅन, बँक, मुलांच्या शाळेतलं आईचं नाव, सगळ्यांच्या मागे धावायचं, आणि आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एका टिकेसाठी एवढा द्राविडी प्राणायाम करायची माझी तयारी नव्हती.

तिसरी वाट नवऱ्याने काढली. त्याने घरातल्या सगळ्या कागदांवरचं माझं नाव तपासलं. आधार सासरचं. पॅन लग्नाआधीचं होतं, पण आधारशी जोडताना नावं जुळेनात म्हणून तेही सासरचं करून घेतलेलं. मतदार ओळखपत्र सासरचं. उरलं ड्रायव्हिंग लायसन्स. कॉलेज संपल्यावर काढलेलं, मुदत अजून शिल्लक, आणि आर.टी.ओ.त जायचा कंटाळा म्हणून त्यावरचं आडनाव कधी बदललंच नव्हतं. नाव, जन्मतारीख, फोटो, सरकारी शिक्का, आणि माहेरचं आडनाव. ओळखीच्या चाळणीला एवढंच हवं असतं. तुमची सगळी कागदपत्रं एकमेकांशी जुळतात का, हे ती विचारत नाही. दाखवलेला एक वैध कागद खात्याशी जुळतो का, एवढंच पाहते.

मग खात्यावरचं नाव लायसन्सप्रमाणे केलं, त्याच स्पेलिंगने, इंग्रजीत. 'ह.भ.प.' आणि 'कीर्तनकार' खाली परिचयात गेलं, देवनागरी नावही तिथेच ठेवलं म्हणजे मराठीत शोधणाऱ्याला सापडेल. खात्याचा फोटो होता तो तुळशीच्या माळेसह, हातात चिपळ्या, चेहरा अर्धा बाजूला वळलेला. त्याजागी समोरून काढलेला साधा फोटो लावला. दुहेरी सुरक्षा चालू केली, कारण ती सक्तीची असते. नाव बदलल्यावर थोडं थांबून अर्ज केला आणि ओळख मान्य झाली. टिक आली.

आता एक सावधगिरीची गोष्ट. टिक आल्यावर नाव किंवा फोटो बदलला तर पडताळणी पुन्हा करावी लागते. एका उत्सवात आयोजकांनी माझ्या खात्यावर त्यांच्या उत्सवाचं बोधचिन्ह लावायची गळ घातली होती, ती मला याच कारणाने मोडता आली. यूट्यूबवरही चॅनेलचं नाव बदललं की टिक जाते.

पण खोट्या खात्याचं काय झालं? ते टिक येण्याच्या आधीच बंद झालं होतं, आणि टिकेशी त्याचा काही संबंध नव्हता. प्रत्येक ॲपवर 'माझी नक्कल करणारं खातं' अशी तक्रार करण्याची वेगळी सोय असते. तिथे ओळखपत्र मागतात, प्रसिद्धी विचारत नाहीत. अगदी कुणालाही न माहीत असलेला माणूसही ती करू शकतो. आमच्याकडे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांत अशा नकलेची तक्रार स्वतः त्या माणसाने केली तर मजकूर हटवण्यासाठी मुळात २४ तासांची मुदत घातलेली होती, आणि ॲपला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत जाता येतं. मला तिथवर जावं लागलं नाही. ज्या आजींचे पैसे गेले होते त्यांच्या मुलाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, कारण दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली गुन्हा आहे. पैशाचा माग काढणं पोलिसांचं काम. टिक असती तरी ते पैसे परत आले नसते.

त्याच २०२१ च्या नियमांत आणखी एक तरतूद आहे, जी फार कमी लोकांना माहीत आहे. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने, ज्याला स्वेच्छेने आपलं खातं पडताळून घ्यायचंय त्याला तशी सोय द्यावी, उदाहरणार्थ चालू भारतीय मोबाइल क्रमांकाने, आणि पडताळलेल्या खात्यावर दिसेल अशी खूण द्यावी. यात प्रसिद्धीचा शब्दही नाही. माझ्या मते साध्या माणसाला हवी ती टिक हीच, निव्वळ ओळखीची. व्यवहारात मात्र ओळखीची खूण महिन्याच्या भाड्याने आणि प्रसिद्धीची खूण लेखांच्या बळावर, अशी वाटणी झालेली दिसते, आणि दोन्ही टिका दिसायला बहुतेक सारख्याच. बघणाऱ्याला फरक कळत नाही. ओळखही न तपासता टिक विकली तर काय होतं, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरवर दिसलं. कुणीतरी आठ डॉलरच्या आत टिक विकत घेऊन एली लिली या औषध कंपनीचं सोंग घेतलं आणि इन्सुलिन आता फुकट असल्याचं जाहीर करून टाकलं. कंपनीला माफीचं निवेदन काढावं लागलं.

मी दर महिन्याला पैसे भरते आहे. चातुर्मासात वाटलं भरावे, पौषात वाटतं बंद करावेत. बंद केले की टिक जाणार, हे ठरलेलंच. म्हणून प्रसिद्धीच्या अर्जाचा विचार अजून सोडलेला नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांना विनंती केली, तर त्यांनी माझी मुलाखत अंकाच्या संकेतस्थळावर चढवली. म्हणजे तिसरा दुवा आता खरोखर दुवा झाला, जरा जुना असला तरी. ओळखीच्या गृहस्थांनाही मी भीत भीत विचारलं, तुमच्या दैनिकात माझ्यावर काही येईल का? ते म्हणाले, "ताई, टिकेसाठी म्हणून लिहिलं तर ते तुमच्या चौथ्या दुव्यासारखंच होईल, फक्त फुकट. पण महिला कीर्तनकारांवर एक लेख आमच्या पुरवणीत व्हायचाच आहे. त्यात तुम्ही असाल."

मी मनात हिशेब केला: विषय मी एकटी नाही, पण नुसता उल्लेखही नाही. अर्धा धरावा.